बाथरूम फोडायचंय, घरून काम हवंय: मॅनेजरकडे नेमकं काय मागायचं

खालच्या मजल्यावरचे काका दारावर येतात, चपला बाहेरच ठेवतात आणि म्हणतात, "जरा खाली येऊन बघता का? आमच्या बाथरूमच्या छताला पुन्हा ओल आली आहे." तिथून पुढे आपला सगळा महिना बदलतो. प्लंबर, ठेकेदार, सोसायटीची परवानगी, आणि या सगळ्यात रोज सकाळी नऊची बस पकडून हिंजवडी.

नवीन नोकरीत असलेली मंडळी अशा वेळी दोनपैकी एक चूक करतात. काही जण घाबरून काहीच सांगत नाहीत, चावी वॉचमनकडे देतात आणि ऑफिसात बसून फोनवर टाइल्सचा रंग ठरवतात. बाकीचे एका ओळीचा मेल टाकतात: 'घरी तातडीची दुरुस्ती आहे, पुढचे दोन आठवडे घरून काम करण्याची परवानगी मिळावी.' मी गेली काही वर्षं बारा जणांच्या टीमचे असे मेल वाचते आहे. हा दुसरा मेल आला की हात थांबतो. विनंती खोटी वाटते म्हणून नाही. दहा दिवस म्हणजे नक्की कशासाठी, त्यात माणूस किती काम करू शकेल आणि वर कोणी विचारलं तर मी काय सांगायचं, यातलं काहीच त्यात नसतं.

म्हणून इथे एकच प्रकार घेते, बाथरूमच्या गळतीचा. जुन्या इमारतींत हाच सगळ्यात जास्त होतो, आणि एकदा तो नीट कळला की स्वयंपाकघरातला ओटा किंवा गच्चीची गळती आली तरी हिशोब कसा मांडायचा ते समजतं. उदाहरण माझ्या टीममधल्या एका मुलीचं आहे. कोथरूडमधली नव्वदच्या दशकातली इमारत, तिसरा मजला, दोन बाथरूम असलेला स्वतःचा फ्लॅट. नवरा परगावी साइटवर. नोकरीला आठ महिने झालेले.

आधी गळती कुठून आहे ते बघा, मग सुट्टीचं

मंगळवारी रात्री काका आले आणि तिने त्याच रात्री मला मेसेज केला, "उद्यापासून वर्क फ्रॉम होम मिळेल का?" मी विचारलं, "किती दिवस?" ती म्हणाली, "माहीत नाही." मग मी तिला सांगितलं की उद्या एक दिवस घे, घरून कर, आणि संध्याकाळपर्यंत मला सांग की फुटतंय काय.

हे आधी का, ते सांगते. पाण्याच्या पाइपमधून गळत असेल तर काम वेगळं आणि जमिनीतून झिरपत असेल तर वेगळं, आणि त्यावरच दिवस ठरतात. फरक ओळखायची घरगुती रीत सोपी आहे. रात्री झोपताना त्या बाथरूमच्या पुरवठ्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा, बाथरूम कोणी वापरायचं नाही, आणि सकाळी खाली जाऊन बघायचं. व्हॉल्व्ह चालू असताना थेंब दिवसरात्र पडत असतील आणि बंद केल्यावर थांबत असतील तर भिंतीतल्या पाइपला कुठेतरी गळती आहे. आंघोळीनंतर तासा-दोन तासांनी थेंब वाढत असतील आणि बाथरूम न वापरता कमी होत असतील तर दोष जमिनीत आहे, म्हणजे खालचं वॉटरप्रूफिंग गेलंय किंवा नहाणी ट्रॅपचा, म्हणजे जमिनीतलं पाणी जिथून बाहेर जातं त्या तोंडाचा, जोड सुटलाय.

हिच्याकडे दुसरा प्रकार निघाला. याचा एक मोठा फायदा होता, आणि पहिल्या घाबरलेल्या रात्री तो कुणाच्या लक्षात येत नाही. ते बाथरूम वापरणं बंद केलं की काकांकडचे थेंब थांबले. म्हणजे काम तातडीचं होतं, पण उद्या सकाळीच फोडायला हवं असं नव्हतं. चार दिवसांची सवड मिळाली, आणि रजेचं सगळं नियोजन याच चार दिवसांवर उभं राहिलं. दुसरं बाथरूम नसतं किंवा पाइप फुटला असता तर ही सवड नसती. तसं असेल तर सरळ फोन करा, दोन दिवस रजा टाका आणि बाकीचं नंतर ठरवा.

भाड्याच्या घरात राहत असाल तर हा मजकूर वाचण्याआधी घरमालकाला फोन लावा. दुरुस्ती त्यांनी करून घ्यायची असते, आणि त्यांच्या बाजूचं कोणी माणूस तिथे थांबणार असेल तर तुम्हाला दार उघडण्यापुरतंच थांबावं लागेल. स्वतःचा फ्लॅट असेल तर सोसायटीकडे बोट दाखवून चालणार नाही. घराच्या आतल्या बाथरूमची, सिंकची गळती सदस्याने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची, बाहेरच्या सामाईक पाइपांचं सोसायटीने बघायचं, अशी सर्वसाधारण वाटणी महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींत असते.

ठेकेदाराकडून दिवसागणिक काम लिहून घ्या

ठेकेदाराला "किती दिवस लागतील?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "आठ-दहा दिवस धरा ताई." हे उत्तर मॅनेजरला देण्यासारखं नाही. विचारायचं असं: "दादा, पहिल्या दिवशी काय कराल? दुसऱ्या दिवशी? पाणी कुठल्या दिवशी भरणार?" आणि तो सांगेल तसं कागदावर उतरवायचं. पाचच मिनिटं लागतात.

बाथरूमच्या पूर्ण वॉटरप्रूफिंगचा क्रम साधारण असा असतो. आधी कमोड, नळ, बेसिन काढतात आणि टाइल्स फोडतात. खालचा जुना कोबा उकरून राबिट पोत्यांत भरून खाली नेतात. मग नवे पाइप आणि ट्रॅप बसतात आणि पाइपमध्ये पंपाने दाब देऊन तपासतात. त्यानंतर जमिनीला ट्रॅपच्या दिशेने उतार देऊन भरण करतात आणि भिंत व जमीन जिथे मिळते त्या कोपऱ्यांत सिमेंटच्या गोलसर वाटा भरतात. त्यावर वॉटरप्रूफिंगच्या रसायनाचे दोन हात मारतात, पहिला वाळला की दुसरा, आडवा-उभा. हे वाळायला दोन दिवस तरी सोडायचे. मग ट्रॅपचं तोंड बंद करून दोन इंच पाणी भरून ४८ तास ठेवायचं. खाली गळलं नाही तरच टाइल्स. शेवटी सांधे भरणं आणि नळ-कमोड परत बसवणं.

आता हा क्रम ऑफिसच्या नजरेने वाचा. यात वाळण्याचे आणि पाणी भरून ठेवण्याचे मिळून चार-पाच दिवस असे आहेत की घरात गवंडी येतच नाही. त्या दिवसांत घरी बसून तुम्ही फक्त ओल्या बाथरूमकडे बघणार. ते दिवस मागायचेच नाहीत. उलट टाइल्स फोडण्याच्या आणि कापण्याच्या दिवशी घरात इतका आवाज असतो की घरून काम हे नुसतं म्हणण्यापुरतं. ते दिवस घरून काम म्हणून मागू नका, रजा टाका किंवा शनिवारी बसवा.

मग उरतात ते दिवस, ज्या दिवशी एखादी गोष्ट कायमची झाकली जाणार असते. पाइप भिंतीत जाण्याआधी दाबाची तपासणी, रसायन मारण्याआधी उतार, टाइल्सच्या आधी दोन्ही हात झाले की नाही. एकदा वर सिमेंट आलं की हे पुन्हा दिसत नाही, आणि दोन वर्षांनी काका पुन्हा दारात येतात. म्हणून त्या दिवशी घरातलं माणूस हवंच. गवंडी स्वतःहून दाखवेल अशी अपेक्षा ठेवू नका. तुम्ही घरी नसलात तर एकच हात मारून "दोन झाले" म्हणणारे असतात.

सोसायटीचे तास हाच तुमचा मीटिंगचा तक्ता

दुरुस्तीच्या आधी सोसायटीला अर्ज द्यावा लागतो, आणि बहुतेक सोसायट्यांत ठोकाठोकीचे तास ठरलेले असतात. हिच्या सोसायटीत सकाळी १० ते १ आणि दुपारी ३ ते ६, रविवारी पूर्ण बंद. प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, सेक्रेटरींना विचारून घ्या.

हे तास लोक अडचण म्हणून ऐकतात. मला मात्र ते कामाचे वाटतात, कारण सकाळी १० पर्यंत आणि दुपारी १ ते ३ घर शांत राहणार याची ही जवळजवळ हमीच आहे. मॅनेजरला "मी उपलब्ध असेन" असं सांगण्यापेक्षा "१ ते ३ मध्ये कॉल ठेवा, तेव्हा हातोडा बंद असतो" असं सांगितलं तर ते लगेच पटतं, कारण त्यावरून कॅलेंडर हलवता येतं.

तिने मांडलेला हिशोब

गुरुवारी दुपारी आम्ही कॅन्टीनमध्ये बसलो. तिचा पहिला विचार सोमवार १० तारखेपासून शुक्रवार २१ पर्यंत सलग घरून काम, म्हणजे दहा दिवस. ठेकेदाराचा कागद समोर ठेवून आम्ही एकेक दिवस बघत गेलो.

फोडाफोडी शनिवारी ८ तारखेला ठेवली. आम्हाला शनिवार सुट्टी आणि सोसायटीत शनिवारी कामाला परवानगी, त्यामुळे सगळ्यात गोंगाटाचा दिवस फुकटात निघाला. सोमवारी १० ला पाइप आणि दाबाची तपासणी, मंगळवारी उतार आणि वाटा, बुधवारी रसायनाचे दोन हात. हे तीन दिवस घरून. गुरुवार-शुक्रवार वाळण्याचे, ऑफिस. शनिवारी संध्याकाळी पाणी भरायचं ते सोमवारी १७ ला संध्याकाळी सोडायचं, त्यामुळे सोमवारही ऑफिस. मंगळवारी १८ ला टाइल्स कापणं आणि लावणं, दिवसभर कटर चालणार, म्हणून एक कॅज्युअल लीव्ह. बुधवारी १९ ला उरलेल्या टाइल्स, काम थोडं आणि कापाकापी कमी, म्हणून घरून. सांधे आणि नळ शनिवारी २२ ला.

दहा दिवसांचे चार झाले, वर एक रजा. ही मागणी मी दोन मिनिटांत मंजूर करू शकत होते आणि माझ्या वरच्या साहेबांनाही एका वाक्यात सांगू शकत होते.

कोणी म्हणेल, अर्ध्या दिवसाची रजा घेऊन नाही का भागणार? कोथरूडहून हिंजवडीला जायला-यायला मिळून दोन-अडीच तास जातात, पाऊस असला तर विचारूच नका. दुपारी तीनला दाब तपासायचा म्हणून दीडला निघालेला माणूस ना धड ऑफिसात असतो ना घरी. ऑफिस घराजवळ असेल तर मात्र हा पर्याय जरूर मांडा, मॅनेजरला तो जास्त आवडेल.

आधी बोला, मग लिहा

मेल हा बोलण्याचा पुरावा आहे, बोलण्याऐवजी पाठवायची गोष्ट नव्हे. मॅनेजर जागेवर असेल तेव्हा पाच मिनिटं मागा. सांगायला तीन वाक्यं पुरतात: काय झालंय, कुठले दिवस हवेत, त्या दिवसांत कुठलं काम पूर्ण करणार. "सर, थोडा पर्सनल इश्यू आहे" असं गूढ बोलू नका, समोरच्याच्या मनात आजारपणापासून भांडणापर्यंत काहीही येतं. बाथरूम गळतंय हे सांगण्यात लाज कसली? ऐकणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांच्या घरी ते कधी ना कधी गळलेलं असतं.

बोलणं झालं की त्याच दिवशी मेल. बहुतेक कंपन्यांत तो इंग्रजीत जाईल, पण मजकूर आधी आपल्या भाषेत जुळवून घेतला की फाफटपसारा होत नाही. तिचा मेल साधारण असा होता:

> विषय: बाथरूमच्या गळतीच्या दुरुस्तीसाठी चार दिवस घरून काम आणि एक रजा
>
> नमस्कार मॅडम,
>
> दुपारी बोलल्याप्रमाणे, माझ्या बाथरूममधून खालच्या फ्लॅटमध्ये पाणी झिरपत आहे. दुरुस्ती शनिवारी ८ तारखेला सुरू होते आहे. घरात दुसरं कोणी नसल्याने काही ठरावीक टप्प्यांना मला हजर राहावं लागेल.
>
> घरून काम: सोमवार १०, मंगळवार ११, बुधवार १२ आणि बुधवार १९.
> कॅज्युअल लीव्ह: मंगळवार १८.
> बाकी सर्व दिवस मी ऑफिसला येईन.
>
> घरून काम करताना सकाळी ८ ते १० आणि दुपारी १ ते ३ मी कॉलवर पूर्ण उपलब्ध असेन. सोसायटीत या वेळेत ठोकण्याचं काम बंद असतं. १० ते १ आणि ३ ते ६ मध्ये काम सुरू राहील, मेसेजला उत्तर देईन, पण मागे आवाज असू शकतो. रोजची साडेदहाची मीटिंग या चार दिवसांत मी चॅटवर लिहून देईन.
>
> रिपोर्टचं काम बुधवार १२ पर्यंत पूर्ण करून तपासणीला देते. गुरुवारी १३ ला क्लायंटचा डेमो आहे, त्याला मी ऑफिसात असेन.
>
> दुरुस्तीचं वेळापत्रक सरकलं तर आदल्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत कळवेन आणि शक्यतो दिवसांची अदलाबदल करेन, दिवस वाढवणार नाही. जमलं नाही तर रजा टाकेन.

मला यातलं सगळ्यात आवडलेलं वाक्य शेवटचं. दुरुस्तीचं वेळापत्रक सरकतंच, हे घर बांधलेल्या किंवा फोडलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. ते सरकल्यावर काय करणार हे आधीच लिहिलं की नंतरचा फोन अवघड जात नाही. दुसरं आवडलेलं म्हणजे तिने आवाजाबद्दल खरं सांगितलं. "पूर्ण वेळ उपलब्ध" लिहून पहिल्याच कॉलवर हातोडा ऐकू आला की पुढच्या तीन दिवसांवरचा विश्वास जातो.

फोटो जोडायचा का? एक जोडा, काकांच्या छताचा, त्यांना विचारून. मागितला तर सोसायटीच्या परवानगीची प्रत द्या. रात्री अकराला राबिटचे सहा व्हिडिओ पाठवू नका. पुरावा म्हणून ते कोणी बघत नाही.

मेल रिपोर्टिंग मॅनेजरला, आणि कंपनीची रीत असेल तर एचआरला प्रत. क्लायंटच्या प्रोजेक्टवर असाल तर एक प्रश्न जास्तीचा विचारा: घरून काम करायला क्लायंटची परवानगी लागते का? काही प्रोजेक्टमध्ये करारातच ते बंद असतं, आणि मॅनेजरने हो म्हटलं तरी उपयोग नसतो. लॅपटॉप रोज घरी नेत नसाल तर तो बाहेर न्यायला गेटपास लागतो का, हेही आदल्या दिवशी विचारा. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता सिक्युरिटीच्या टेबलावर हा प्रश्न सुटत नाही.

नाही म्हटलं तर

खासगी नोकरीत घरून काम हा सहसा हक्क नसतो, तो कंपनीच्या धोरणावर आणि मॅनेजरच्या मर्जीवर असतो. रजेचं मात्र तसं नाही. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ प्रमाणे तो लागू असलेल्या आस्थापनेत कामगाराला वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा मिळते, आणि ती दर तिमाहीला जमा होते. नव्या लोकांची इथे गंमत होते. ८ दिवस आहेत म्हणून निर्धास्त असतात, आणि पोर्टल उघडलं की त्या तिमाहीचे दोनच दिसतात. मेल लिहिण्याआधी शिल्लक बघा.

नकार आला तर वाद घालण्यापेक्षा कागद पुन्हा पुढे करा. चारपैकी सगळ्यात महत्त्वाचे दोन कुठले? माझ्या मते दाबाच्या तपासणीचा आणि रसायन मारण्याचा. ते दोन मागा, बाकीच्या दिवशी भाऊ, मावशी, शेजारच्या काकू, कोणीतरी घरी बसेल असं बघा. प्रोबेशनवर असाल तरी विचारायला हरकत नाही, फक्त दोन दिवसांपासून सुरुवात करा.

घरातली जागा आणि वीज

काम सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी अर्धा तास काढून तीन गोष्टी बघा. राउटर कुठल्या एमसीबीवर आहे? गवंडी कटर किंवा ब्रेकर जवळच्या सॉकेटला लावतो, एमसीबी पडतो आणि नेट जातं. त्याला वेगळ्या एमसीबीवरचा सॉकेट दाखवून तिथूनच वायर ओढायला सांगा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एक कॉल करून बघा. तासाभराच्या व्हिडिओ कॉलला साधारण एक जीबी डेटा जाऊ शकतो, हे धरून पॅक ठेवा. आणि बाथरूमपासून सगळ्यात लांबच्या खोलीत टेबल लावून दाराच्या फटीत ओला टॉवेल ठेवा. टाइल्सची धूळ बारीक असते, ती लॅपटॉपच्या पंख्यात गेली की मशीन तापायला लागतं.

माणसं घरात ये-जा करणार, तेव्हा उठताना स्क्रीन बंद करायची सवय ठेवा. विंडोज असेल तर `Win + L` दाबलं की झालं. गवंड्याला तुमच्या एक्सेलमध्ये रस नाही हे खरं, पण क्लायंटचा डेटा उघडा ठेवणं नियमात बसत नाही.

संपूर्ण घराचं पाणी बंद करावं लागेल का, हेही प्लंबरला विचारून ठेवा. बाथरूमला वेगळा व्हॉल्व्ह नसेल तर पाइपच्या दिवशी दुसऱ्या बाथरूमलाही पाणी नसतं. दोन बादल्या आणि एक पिंप भरून ठेवलं की कॉलच्या मध्ये शेजारी पळावं लागत नाही.

सोमवारी काय झालं

दुपारी तीनला प्लंबरने पाइपमध्ये दाब भरला आणि गेजवरच्या काट्यावर नजर ठेवली. काटा दोन तास जागचा हलायला नको. इथे वीस मिनिटांत खाली आला. गिझरकडून येणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपचा, भिंतीत राहू दिलेला एक जुना जोड पाझरत होता. प्लंबर म्हणाला, "ताई, थोडासाच आहे, सिमेंटमध्ये बसून जाईल." ती घरी होती म्हणून "नाही, बदला" म्हणू शकली. ती ऑफिसात असती तर हे वाक्य फोनवर तिच्यापर्यंत आलंच नसतं.

पण एक दिवस गेला. मंगळवारी पुन्हा भिंत खोदून जोड बदलला आणि पुन्हा दाब. उताराचं काम बुधवारवर आणि रसायन गुरुवारी १३ वर गेलं. गुरुवारी तर डेमो. सोमवारी पावणेपाचला तिचा फोन आला, "मॅडम, बुधवारी मी ऑफिसला येते, मावशी घरी थांबतेय. गुरुवारी घरून केलं तर चालेल का? डेमो साडेअकराला आहे." साडेअकरा म्हणजे सोसायटीच्या तासांत. मी विचारलं, "आवाजाचं काय?" ती म्हणाली, "त्या दिवशी फक्त ब्रश चालणार, ठोकायचं काही नाही." दिवसांची संख्या चारच राहिली. डेमो तिने घरून केला, आणि मागे कुठेतरी कोणाची बादली आपटली एवढंच ऐकू आलं.

उताराच्या दिवशी ती घरी नव्हती, म्हणून गुरुवारी सकाळी साडेनऊला रसायनाचा डबा उघडण्याआधी तिने कोरड्या भरणावर चार कोपऱ्यांत एकेक तांब्या पाणी ओतून बघितलं. तीन कोपऱ्यांतलं पाणी ट्रॅपकडे गेलं, दाराजवळचं साचलं. तिथे गवंड्याने पुन्हा हात फिरवला आणि ते सुकेपर्यंत थांबून दुपारी पहिला हात मारला, दुसरा संध्याकाळी. तुम्हीही घरी नसताना झालेलं काम दुसऱ्या दिवशी झाकण्याआधी असं तपासू शकता. त्यासाठी सकाळची पंधरा मिनिटं पुरतात, अख्खा दिवस मागावा लागत नाही.

पाणी भरून ठेवल्यावर खाली काय बघायचं, याची एक युक्ती. छतावर जुनी ओल असतेच, त्यामुळे काका म्हणणार "अजून ओलं आहे" आणि तुम्हाला कळणार नाही की हे जुनं की नवं. पाणी भरण्याआधी खाली जाऊन ओलीच्या कडेने खडूने रेघ मारा. ४८ तासांत ओल रेघेबाहेर गेली तर काम फसलं, आत राहिली तर ठीक. वर बाथरूमच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलची खूण करा. दोन-चार मिलिमीटर उतरलं तर ते वाफेने गेलं असेल. अर्धा इंच उतरलं तर मात्र ट्रॅपचं तोंड नीट बंद होतं का ते आधी बघा, आणि ते नीट बंद असेल तर टाइल्स थांबवा. तिच्याकडे रेघ जशीच्या तशी राहिली. ते दोन्ही दिवस बघायचं काम काकांनी केलं, सकाळ-संध्याकाळ फोटो पाठवून. ती सोमवारी माझ्यासमोरच्या खुर्चीत होती.

पाणी भरल्यावर गळालंच असतं तर पुन्हा रसायन, पुन्हा वाळणं, पुन्हा पाणी, म्हणजे आणखी पाच-सहा दिवस. त्यातले घरी थांबायचे पुन्हा एक किंवा दोनच. त्यासाठी नवा मेल लिहा, जुन्याच धाग्यावर 'अजून काही दिवस लागतील' असं टाकू नका.

पोर्टलवर नोंद

हे बहुतेक जण विसरतात. मॅनेजरने मेलवर हो म्हटलं म्हणजे हजेरी लागली असं होत नाही. कार्ड स्वाइप झालं नाही की यंत्रणा तुम्हाला गैरहजर धरते, आणि पोर्टलवर त्या तारखांना घरून कामाची नोंद टाकून ती मंजूर करून घ्यावी लागते. बऱ्याच कंपन्यांत पगाराची हजेरी महिन्याच्या वीस ते पंचवीस तारखेच्या आसपास बंद होते. तिने बुधवार १२ साठी घातलेली नोंद अदलाबदलीनंतर तशीच राहिली होती आणि गुरुवार १३ रिकामा होता. २० तारखेला मला पोर्टलवरून तिच्या नावाची बिनपगारी दिवसाची सूचना आली तेव्हा आम्हाला कळलं. बुधवारची नोंद रद्द, गुरुवारची नवी, दोन्ही मंजूर, दहा मिनिटांचं काम. तीन दिवस उशीर झाला असता तर तो दिवस पुढच्या महिन्याच्या पगारात मागत बसावं लागलं असतं.